आजचं सेशन हलवावं लागतंय: ज्युनिअरला पाठवायचा निरोप कसा लिहावा

दर बुधवारी चार वाजता एका ज्युनिअरसोबत माझं पंचेचाळीस मिनिटांचं सेशन असायचं. एका बुधवारी दुपारी दोन वाजता कळलं की चारला मला दुसरीकडे बसावं लागणार आहे. मी घाईघाईत लिहिलं:

> हाय! आज अचानक एक महत्त्वाची मीटिंग आली आहे, त्यामुळे आपलं सेशन जमणार नाही. सो सॉरी! पुढच्या आठवड्यात बघू. तू छान काम करते आहेस, असंच चालू ठेव!

उत्तर आलं: “ओके मॅम, नो प्रॉब्लेम.” मीही निश्चिंत झाले.

त्या आठवड्यात ती एका रिपोर्टच्या स्क्रीनवर काम करत होती. स्क्रीन उघडायला फार वेळ लागायचा. आधीच्या सेशनमध्ये तिने कारण शोधून आणलं होतं. यादीत २४० ऑर्डरी होत्या आणि प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव आणायला डेटाबेसला वेगळी क्वेरी जात होती. म्हणजे यादीची एक आणि नावांच्या २४०, मिळून २४१. तिचा प्रश्न होता, “सगळं एकाच क्वेरीत आणू, की पन्नास-पन्नास ओळींची पानं करू?” वेळ संपली होती, म्हणून मी म्हटलं होतं, “पुढच्या बुधवारी बघू.” आणि तोच बुधवार मी उडवला.

तिने अंदाजाने पानं केली. एका पानाला ५१ क्वेरी लागायला लागल्या, स्क्रीन झरकन उघडली, आणि मूळ दुखणं खाली तसंच राहिलं. पुढचा आठवडाभर तिने त्या पानांवर शोधाची सोय बांधली, पुढे-मागे जायची बटणं केली. आम्ही भेटलो तेव्हा तिने सगळ्या ओळी एकदम फाइलमध्ये उतरवून दाखवायला घेतल्या आणि तिथे गाडी पुन्हा अडली, कारण उतरवताना पानं नसतात, सगळ्या ओळी लागतात. आठवड्याचं बरंचसं काम काढून टाकावं लागलं.

माझ्या निरोपात उद्धटपणा नव्हता. सॉरी होतं, कौतुकही होतं. पण तिच्या कामाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. हा निरोप मी कोणालाही पाठवू शकले असते. तेव्हापासून सेशन हलवताना मी काय करते, ते क्रमाने सांगते.

लिहायला बसण्याआधी मागच्या वेळची टिपणं उघडा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि नेमकं हेच आपण वगळतो, कारण सेशन हलवायची वेळ येते तेव्हा आपण आधीच घाईत असतो. मागच्या सेशनची टिपणं वाचा. टिपणं नसतील तर तिच्याशी झालेलं आठवडाभराचं चॅट वर सरकवून बघा. शोधायची गोष्ट एकच: ती आजच्या सेशनची वाट कशासाठी बघत असेल?

जे सापडेल ते साधारण तीन प्रकारचं असतं. पहिलं, ज्याच्यावाचून तिचं काम पुढे सरकत नाही किंवा चुकीच्या दिशेने सरकेल. माझ्या उदाहरणातला पानांचा प्रश्न या जातीचा. दुसरं, दोन-चार दिवस थांबलं तरी काही बिघडत नाही असं, म्हणजे एखादी संकल्पना समजून घ्यायची आहे, कोडची एखादी पद्धत दाखवायची आहे. तिसरं, समोरासमोरच बोलायचं असं: टीममधली कुरबूर, कामाच्या मूल्यमापनाबद्दलची धास्ती, “मला हे जमेल का” असला प्रश्न.

पहिल्या प्रकारच्या गोष्टीचं उत्तर निरोपातच द्यायचं, किंवा त्यासाठी त्याच दिवशी दहा मिनिटांचा फोन ठरवायचा. दुसऱ्या प्रकारची गोष्ट नुसती नाव घेऊन पुढच्या तारखेवर टाकायची. तिसरीचा निरोपात उल्लेखही करायचा नाही. फक्त नवी वेळ जितकी जवळची मिळेल तितकी घ्यायची. आणि तुम्हीच मागच्या वेळी “पुढच्या वेळी तुझ्याशी जरा बोलायचंय” असं म्हणून ठेवलं असेल, तर ते सेशन शक्यतो हलवूच नका. त्या वाक्यानंतरचा प्रत्येक दिवस तिला मोठा वाटतो. हलवावंच लागलं तर लिहू नका, फोन करा आणि विषय काय आहे ते एका वाक्यात सांगून टाका.

नवी वेळ: अंतर मोजा

आठवड्याचं सेशन रद्द झालं की दोन सेशनांमधलं अंतर सात दिवसांवरून एकदम चौदावर जातं. आपल्याला वाटतं एक बैठक गेली. तिच्या बाजूने बघितलं तर दोन आठवडे कोणी विचारपूस केली नाही. तेच बुधवारचं सेशन गुरुवारी नेलं तर अंतर आठ दिवसांचं होतं, शुक्रवारी नेलं तर नऊ. पुढचं सेशन मग सहा किंवा पाच दिवसांनी येतं, जरा लवकर वाटतं. म्हणून काही जण तेही पुढे सरकवतात. तसं करू नका. पाच दिवसांत बोलण्यासारखं कमी असेल तर सेशन वीस मिनिटांत संपवा, पण ठरलेला वार सोडू नका. एकदा वार सुटला की पुढचा प्रत्येक आठवडा “या वेळी कधी?” या प्रश्नाने सुरू होतो आणि तो प्रश्न विचारायचं काम हळूहळू तिच्यावर येऊन पडतं.

मी स्वतःसाठी नियम केलाय की हलवलेलं सेशन त्याच कामाच्या आठवड्यात बसवायचं. शुक्रवारी संध्याकाळची वेळ मात्र टाळते. तेव्हा मिळालेला सल्ला लगेच करून बघता येत नाही, आणि सोमवारी त्यातला अर्धा विसरलेला असतो. तिच्या जेवणाची वेळही टाळते. ती नाही म्हणणार नाही, हे माहीत असल्यामुळेच टाळायची.

वेळ सुचवण्याआधी तिचं कॅलेंडर बघा आणि दोन वेळा निवडा. “तुला कधी जमेल?” असं विचारणं दिसायला सौजन्याचं आहे, पण ज्युनिअरला ते अवघड जातं. तिला आधी तुमचं गच्च भरलेलं कॅलेंडर वाचावं लागतं, मग त्यातल्या एका फटीत स्वतःला बसवावं लागतं, आणि हे सगळं “सीनिअरचा वेळ मागतेय” या संकोचात. उलट एकच वेळ दिली तर तो हुकूम होतो. दोन वेळा दिल्या की ती खरोखर निवड करू शकते. सोबत “दोन्ही नसतील जमत तर तूच एखादी टाक” असं लिहिलं की नकारालाही वाट राहते.

पहिल्या वाक्यात बातमी

निरोप कौतुकाने सुरू करू नका. “तुझं मागच्या आठवड्यातलं काम फार आवडलं” असं वाचताना समोरची व्यक्ती पुढच्या “पण”ची वाट बघत असते. तो आला की मागचं कौतुक गोळीवरच्या साखरेसारखं वाटतं आणि वाया जातं. पहिल्या वाक्यात सेशन हलतंय हे सांगा. फोनच्या पडद्यावर निरोपाची जेवढी पहिली ओळ दिसते तेवढ्यात तिला मुख्य गोष्ट कळली पाहिजे. चारच्या सेशनची तयारी करत बसली असेल तर तिने निरोप उघडून तिसऱ्या परिच्छेदापर्यंत का जावं?

शब्द नीट निवडा. “रद्द”, “कॅन्सल”, “जमणार नाही” यांत दार बंद झाल्याचा आवाज आहे. “पुढे ढकलते” यात थोडी टाळाटाळ ऐकू येते. कंटाळवाणी कामं आपण ढकलतो. मी “हलवतेय” लिहिते, कारण हलवलेली वस्तू कुठेतरी ठेवलेली असते, आणि कुठे ते पुढच्याच वाक्यात येतं. “बघू”, “सवडीने”, “जमलं तर”, “नंतर बोलू” हे शब्द मात्र कटाक्षाने गाळा. आपण ते सहज म्हणतो आणि ऐकणारा सहज समजून जातो की आता हे होणार नाही.

कारण एका वाक्यात द्या आणि ते खरं असू द्या. “महत्त्वाची मीटिंग आली” हे माझ्या जुन्या निरोपातलं सगळ्यात वाईट वाक्य होतं. महत्त्वाची ती, म्हणजे बिनमहत्त्वाची कोण? हे मी तेव्हा मुद्दाम म्हटलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तेवढंच ऐकू येतं. “चार ते साडेपाच क्लायंटसोबत बसावं लागतंय” एवढं पुरे. त्यात तुलना नाही. कारण खासगी असेल तर “घरचं एक काम आलंय” म्हणून थांबा, तपशील द्यायची गरज नाही. लांबलचक कारण दिलं की खुलासा वाटतो.

सॉरी एकदाच. तीन वेळा सॉरी लिहिलं की तुमची समजूत घालायचं काम तिच्यावर येतं: “नाही नाही मॅम, काहीच हरकत नाही, तुम्ही आधीच इतक्या बिझी असता.” ती हे लिहिते आणि लिहिता लिहिता स्वतःलाही पटवते की आपलं सेशन म्हणजे तुमच्यावरचा भार आहे. “समजून घेशील” हेही नको. समजून घ्यायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे.

तारखा लिहिताना आपल्या भाषेतला एक खड्डा ध्यानात ठेवा. “परवा” म्हणजे येणारा की गेलेला, ते क्रियापदावरून कळतं, आणि चॅटमध्ये आपण क्रियापदंच खातो. “परवाचं सेशन” या दोन शब्दांवरून कोणतं ते सांगता येत नाही. “पुढचा गुरुवार” म्हटलं की काही जणांसाठी तो उद्याचा असतो, काहींसाठी आठ दिवसांनंतरचा. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि सकाळ की दुपार तेही. ती दुसऱ्या देशातून काम करत असेल तर कोणाच्या घड्याळातली वेळ, हे सांगा.

अडकलेला प्रश्न निरोपातच सोडवा, पण निम्माच

निरोपाचा हाच खरा गाभा. तिला पूर्ण उत्तर द्यायचं नसतं, नाहीतर सेशनला काही उरत नाही आणि शिकणंही निरोपातच आटोपतं. द्यायचं इतकंच, की दोन दिवस ती चुकीच्या वाटेने जाणार नाही. माझ्या उदाहरणात पूर्ण उत्तर असं: एकाच क्वेरीत आणणं आणि पानं करणं हे एकमेकांना पर्याय नाहीतच. नावांच्या वेगळ्या क्वेरी हे दुखणं आहे, ते ऑर्डरींना ग्राहकांचं टेबल जोडून, म्हणजे जॉइन करून बरं होतं. पानं ही ओळी फार वाढल्या तर करायची सोय आहे. हे सगळं समजावायला सेशन हवं. पण “आधी जॉइन करून बघ, पानांना अजून हात लावू नकोस” हे एका वाक्यात सांगता येतं, आणि त्या एका वाक्याने तिचा आठवडा वाचला असता.

असं वाक्य सुचत नसेल, म्हणजे काही न दाखवता सांगताच येत नसेल, तर ते आजच दहा मिनिटांत बोलायला हवं याची ती खूण आहे. मग निरोपात लिहा, “त्या एका प्रश्नासाठी साडेतीनला दहा मिनिटं फोन करते, बाकीचं गुरुवारी.” सेशन हलवायचं म्हणून सगळंच हलवायला लागत नाही.

कौतुक: तिनेच केलेली एक गोष्ट

“छान काम करते आहेस” हे वाक्य मी आता लिहीत नाही. कौतुकाचं वाक्य लिहून झालं की एक कसोटी लावते: हेच वाक्य उचलून दुसऱ्या ज्युनिअरला पाठवता येईल का? येत असेल तर ते कौतुक नाही, निरोपाची सजावट आहे. माझ्याकडे तेव्हा सांगण्यासारखं काय होतं? तिने कोड बदलायला घेण्याआधी लॉगमध्ये जाऊन क्वेरी मोजल्या होत्या. नवीन माणूस सहसा मोजत नाही, जिथे संशय येतो तिथे थेट बदल करतो. हे तिला स्वतःलाही कदाचित माहीत नव्हतं की आपण केलं ते वेगळं आहे. म्हणून नाव घेऊन सांगायचं: काय केलंस, आणि त्याने काय साधलं.

कौतुकाची जागा निरोपाच्या मध्यावर, अडकलेल्या प्रश्नाच्या शेजारी. तिथे ते कामाच्या बोलण्यातूनच उगवतं. शेवटी टाकलं की निरोप बंद करायचा शिक्का वाटतो. आणि एकच गोष्ट सांगा. तीन गोष्टींची यादी दिलीत तर ती विचार करेल, आज इतकं का?

सांगण्यासारखं काहीच सापडत नसेल तर? होतं असं कधी कधी, आठवडा खरंच ढिला गेलेला असतो. तेव्हा कौतुक रचू नका. कामाबद्दलची तुमची उत्सुकता सांगा: “त्या लॉगमध्ये पुढे काय दिसलं, ते मला बघायचंय.” खोट्या शाबासकीपेक्षा हे प्रामाणिक आहे, आणि तिला धरूनही ठेवतं.

मधल्या दिवसांसाठी एक छोटं काम

काम वीस मिनिटांपलीकडचं नको. मोठं काम दिलं की सेशन गेलं ते गेलं, वर गृहपाठ आला, असं होतं. काम असं असावं की त्याचं फळ घेऊनच ती नव्या वेळी येईल आणि बोलणं तिथूनच सुरू होईल. इथे काम सरळ होतं: जॉइन केल्यावर क्वेरी पुन्हा मोज, स्क्रीन उघडायला आधी किती सेकंद लागायचे आणि आता किती लागतात ते लिही. आकडे बघितले की पानांची गरज आहे का, हा प्रश्न तिचा तिलाच अर्धा सुटतो.

तर तो जुना निरोप आज मी असा लिहीन:

> अगं, आजचं चारचं सेशन हलवावं लागतंय. चार ते साडेपाच क्लायंटसोबत बसायचंय, आत्ताच कळलं. सॉरी.
>
> उद्या, गुरुवार १२ तारखेला सकाळी ११:३० ला, किंवा शुक्रवारी १३ ला दुपारी २:३० ला बसू या का? तुझ्या कॅलेंडरमध्ये दोन्ही मोकळ्या दिसल्या. नसतील जमत तर तूच एखादी टाक. पुढचं बुधवारी १८ ला, नेहमीसारखंच चारला.
>
> तुझा पानांचा प्रश्न मात्र तोवर अडकवून ठेवत नाही. आधी ग्राहकाचं नाव जॉइन करून एकाच क्वेरीत आण, पानांना अजून हात लावू नकोस. का, ते भेटल्यावर बोलू. तू बदल करण्याआधी २४१ क्वेरी मोजून आणल्यास म्हणून हे इतक्या लवकर सांगता येतंय, नाहीतर आपण अजून सर्व्हरलाच दोष देत बसलो असतो.
>
> जॉइन झाल्यावर क्वेरी पुन्हा मोज आणि स्क्रीन उघडायचे आधीचे-नंतरचे सेकंद लिहून ठेव. तिथूनच सुरू करू. मध्ये अडलीस तर मेसेज टाक, सहानंतर मी मोकळी आहे.

जुन्यापेक्षा लांब आहे, खरं. पण फोनच्या एका पडद्यावर जेमतेम मावतो, आणि त्यापुढे जाऊ देऊ नये. तुम्ही एरवी चार शब्दांत बोलणारे असाल तर हा निरोप तुमच्या तोंडी खोटा वाटेल. तेव्हा एवढंच ठेवा: नवी वेळ, अडलेल्या प्रश्नाचं एक वाक्य, पुढे सुरुवात कुठून. त्यात कौतुक बसलं नाही तरी चालेल, “२४१ मोजल्यास ते बरं केलंस” हे पाच शब्द गुरुवारी तोंडी सांगा. आणि “अगं” म्हणायचं की “तुम्ही” म्हणायचं, हे तुमचं रोजचं नातं ठरवेल. एरवी “तुम्ही” म्हणत असाल तर सेशन हलवायच्या दिवशीच सलगी दाखवू नका, लगेच कळतं.

निरोप तिला एकटीला पाठवा, टीमच्या ग्रुपवर नाही. कळल्या कळल्या पाठवा. रात्री उशिरा कळलं आणि सेशन दुपारचं असेल तर सकाळी जाईल असा शेड्यूल करा. सकाळचं पहिलंच सेशन असेल तर मात्र रात्रीच पाठवा, तयारी करून बसल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

कॅलेंडरमध्ये काय करायचं

इथे एक चूक सर्रास होते. आजचं सेशन डिलीट करून नव्या वेळी नवं बनवलं जातं. त्याने तिला आधी सेशन रद्द झाल्याची सूचना जाते आणि नव्याचं निमंत्रण नंतर. मधल्या वेळात निरोपातलं “हलवतेय” खोटं ठरलेलं असतं. शिवाय जुन्या सेशनला जोडलेली टिपणांची लिंक नव्याला नसते. म्हणून डिलीट करू नका, असलेल्याचीच वेळ बदला.

सेशन दर आठवड्याला आपोआप येणारं असेल तर गूगल कॅलेंडर वेळ बदलताना तीन पर्याय देतं. `This event` म्हणजे फक्त आजचं. `This and following events` म्हणजे आजपासून पुढची सगळी, आणि `All events` म्हणजे संपूर्ण मालिका. आपल्याला पहिला हवा. घाईत दुसरा दाबला गेला तर पुढचे सगळे बुधवार गुप्तपणे गुरुवार होतात आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघी वेगवेगळ्या दिवशी एकमेकींची वाट बघता. बदल केल्यावर पुढच्या आठवड्याचं पान उलटून बुधवार जागेवर आहे ना, ते बघून घ्या.

वेळ मात्र तिचं उत्तर आल्यावरच बदला. आधीच बदललीत तर दोन वेळा विचारण्याला अर्थ राहत नाही. ती एका तासाभरात बोलली नाही तर पुन्हा टोकू नका, कामात असेल. दिवस संपेपर्यंत उत्तर नसेल तर लिहा, “मी सध्या शुक्रवारची वेळ धरून ठेवतेय, बदलायची असेल तर सांग,” आणि ती टाका.

उत्तर वाचायला शिका

“गुरुवार चालेल. जॉइनमध्ये एक शंका आहे, लेफ्ट घेऊ ना?” असं उत्तर आलं तर धागा तुटलेला नाही, ती कामातच आहे. शंकेचं उत्तर लगेच द्या: ग्राहकाची नोंद नसलेल्या ऑर्डरीही यादीत दिसायला हव्यात, म्हणून हो, लेफ्टच.

“ओके मॅम” एवढंच आलं तर त्यातून काहीच कळत नाही. ती खरंच ठीक असेल किंवा खट्टूही असेल. एका उत्तरावरून निष्कर्ष काढू नका, पण गुरुवारी सेशनच्या सुरुवातीला लक्ष ठेवा. मोजलेले आकडे घेऊन आली तर निरोप पोचला. रिकाम्या हाताने आली आणि “विशेष काही नाही” म्हणाली तर बहुधा नाही पोचला.

“तुम्ही बिझी असाल तर राहू द्या, पुढच्या आठवड्यात बोलू” असं आलं तर ते स्वीकारायचा मोह होतो, कारण तेवढाच आपला वेळ वाचतो. स्वीकारू नका. हे सौजन्य आहे, इच्छा असेलच असं नाही. लिहा, “नाही, मला ते आकडे बघायचे आहेत. गुरुवार ११:३० पक्कं.” मात्र तिने स्वतःचं कारण दिलं, म्हणजे शुक्रवारी तिला काही जमा करायचं आहे आणि तिलाच वेळ नको आहे, तर अडवू नका. तेव्हा पंधरा मिनिटांचं छोटं सेशन सुचवा.

हलवलेलं सेशन सुरू कसं करायचं

पुन्हा माफी मागून नको. निरोप जिथे संपला तिथून: “किती झाल्या क्वेरी?” टिपणांच्या फाइलमध्ये नवी नोंद करताना वर एक ओळ लिहा, “११ चं सेशन १२ ला घेतलं.” ही ओळ तुमच्यासाठी आहे. तीन महिन्यांनी फाइल वाचाल तेव्हा अशा ओळी किती आहेत ते आपोआप मोजलं जाईल.

आणि ते मोजायलाच हवं, कारण एका निरोपाने सावरतं ते एकदाच. लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात हलवायची वेळ आली तर इतकाच चांगला निरोप लिहिलात तरी तो खोटा वाटायला लागतो. नेमकं कौतुकसुद्धा सवयीचं वाटतं. तेव्हा सेशन हलवण्याऐवजी त्याच दिवशी, त्याच्या आसपासच्या वेळी, पंधरा मिनिटांवर आणा आणि सरळ सांगा: “आज पंचेचाळीस मिनिटं नाहीत, पंधरा आहेत. तुझा सगळ्यात नडलेला एक प्रश्न आण.” पंधरा मिनिटांत एक प्रश्न खरंच होतो.

एका महिन्यात तीनदा हलवलं गेलं असेल तर वेळच चुकीची आहे. माझी बुधवारी चारची वेळ तशीच होती. क्लायंटची माणसं त्याच सुमाराला मोकळी व्हायची, आणि मी दर वेळी “अचानक” म्हणायचे. तिसऱ्यांदा अचानक घडलेली गोष्ट अचानक कसली? तेव्हा निरोप वेगळा लिहावा लागला:

> बुधवार चारची वेळ माझ्याकडून टिकत नाहीये, या महिन्यात तीनदा हलली. चूक वेळ निवडण्यात झाली, ती माझी. कायमची बदलू या. मंगळवार किंवा गुरुवार, सकाळी १०:३०, यांतलं तुला कोणतं बरं? तू सकाळी एकटाकी काम करतेस हे मला माहीत आहे, म्हणून ते मोडत असेल तर स्पष्ट सांग, दुपारची शोधू. या आठवड्याचं मात्र शुक्रवारी २:३० ला, ठरल्याप्रमाणे.

तिने गुरुवार घेतला. त्या दिवशी मी कॅलेंडरमध्ये `This and following events` दाबलं, या वेळी मुद्दाम.